आग होते म्हणजे उवा मरतात, असं नसतं

«उवांवर १००% घरगुती उपाय, एका रात्रीत! १) कडुनिंबाची पाने उकळून त्या पाण्याने केस धुवा, उवा-लिखा दोन्ही मरतात. २) झोपताना टी ट्री ऑइलचे १५ थेंब थेट डोक्यावर चोळून प्लास्टिकची टोपी घाला. आग झाली की समजा औषध लागू पडले. ३) रोज उपाशीपोटी चमचाभर कडुनिंबाचे तेल द्या, रक्त कडू होते, उवा परत येत नाहीत. नैसर्गिक आहे, दुष्परिणाम शून्य.»

असा फिरत आलेला मेसेज, आणि खाली बहिणीची एक ओळ: «दादा, आज रात्री लावू का हिला?»

तिला फोन करून «नको» एवढंच सांगितलं, कारण मुलगी झोपायला निघाली होती. बाकी सगळं इथे लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी हे पाठवलं की मला फोन करावा लागणार नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. ऊ दिवसातून अनेकदा रक्त पिते हे खरं, पण रक्ताची चव बदलून ती पळवता येते याला कसलाही आधार नाही. गुढीपाडव्याला चार कोवळी पानं गुळाबरोबर खाणं वेगळं आणि लहान मुलाच्या पोटात निंबोळीचं तेल घालणं वेगळं. घरगुती औषध म्हणून हे तेल पाजलेल्या तान्ह्या मुलांना उलट्या, गुंगी, झटके आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मलेशियातून १९८१ साली ‹लॅन्सेट› या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. काही मिलिलिटर तेल त्यासाठी पुरलं होतं. टी ट्री तेलाचंही तसंच: १० मि.ली.पेक्षा कमी तेल प्यायलेली लहान मुलं झोकांड्या खाऊ लागली, सुस्तावली, असे रुग्ण नोंदलेले आहेत. ती इवलीशी बाटली खोबरेल तेलाशेजारी न ठेवता मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. मुलाने यातलं काहीही प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली हातात घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

आता टी ट्रीबद्दल. इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते, कारण टी ट्रीच्या बाजूने एक चांगला अभ्यास खरोखरच आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये शाळकरी मुलांवर झालेली ही चाचणी २०१० साली ‹बीएमसी डर्मेटॉलॉजी›त छापली गेली. १०% टी ट्री तेल आणि १% लॅव्हेंडर तेल असलेलं तयार औषध लावलेल्या ४२ मुलांपैकी ४१ जणांच्या डोक्यात शेवटच्या लावण्यानंतरच्या दिवशी जिवंत ऊ सापडली नाही. तुलनेला घेतलेल्या, पायरेथ्रिन हे कीटकनाशक असलेल्या औषधाने ४० पैकी फक्त १० मुलं सुटली, कारण त्या गटाच्या औषधांना उवा बऱ्याच ठिकाणी दाद देईनाशा झाल्या आहेत. मात्र त्याच चाचणीत तिसरा गटही होता. उवांचा श्वास कोंडणारं, टी ट्रीचा अंशही नसलेलं औषध त्या मुलांना लावलं, आणि तिथेही ४१ पैकी ४० मुलं मोकळी झाली.

हाच अभ्यास मेसेजच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो, म्हणून त्यात काय केलं होतं ते नीट बघू. तेल १० टक्के होतं, शंभर टक्के नव्हतं. आणि ते एका रात्रीत नव्हे, दर आठवड्याला एकदा असं तीन वेळा लावलं होतं.

घरातला हिशोब करा. अशा बाटलीतून पडणारे साधारण २० थेंब म्हणजे १ मि.ली. म्हणून १५ थेंब म्हणजे पाऊण मिलिलिटर निव्वळ तेल, चाचणीतल्या औषधाच्या दहापट तीव्र. ते सगळ्या डोक्यावर पसरतही नाही. भांगात आणि कानामागे जिथे पडतं तिथली कातडी पोळतं, आणि उरलेल्या डोक्यातल्या उवा मजेत राहतात. उलट टोकाला «शाम्पूच्या बाटलीत ५ थेंब टाका» हा सल्ला असतो. १०० मि.ली. शाम्पूत ५ थेंब म्हणजे पाव टक्का, तोही दोन मिनिटांत धुऊन जातो. त्याने केसांना वास येतो, बाकी काही होत नाही.

वरून प्लास्टिकची टोपी हा तर कहर. एरवी या तेलातला बराच भाग उडून जातो. टोपीखाली तो उडत नाही, ऊब आणि घामाने कातडीत जास्त मुरतो. त्यात उवांच्या डोक्यावर नखांनी खाजवून झालेल्या बारीक जखमा असतातच. रात्री तेल ओघळून कपाळावर, पापण्यांवर येतं. शिवाय लहान मुलाने झोपेत डोक्यावर प्लास्टिक घालणं म्हणजे गुदमरण्याचा धोका, हे वेगळं सांगायला नको.

आता «आग झाली की लागू पडले» या वाक्याबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. आग म्हणजे कातडीची तक्रार, उवांच्या मरणाची बातमी नव्हे. ती दोन प्रकारची असते. पहिला प्रकार निव्वळ तीव्रतेचा: काही मिनिटांत ते काही तासांत चुरचुर, लाली, नंतर कोंड्यासारखे पापुद्रे. दुसरा ॲलर्जीचा, आणि तो फसवा. पहिल्यांदा लावल्यावर काहीच होत नाही, शरीर तेलाला ओळखून ठेवतं, आणि पुढच्या एखाद्या वेळी लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, पाणी सुटणं, पापण्या सुजणं सुरू होतं. जुन्या तेलाने हे जास्त होतं, कारण हवा आणि उजेड लागून टी ट्री तेलातली द्रव्यं बदलतात आणि त्यातूनच ॲलर्जी आणणारी नवी द्रव्यं तयार होतात. वर्षभर न्हाणीघरात अर्धी पडलेली, टर्पेंटाइनसारखा उग्र वास येणारी बाटली सरळ टाकून द्या.

खरी फसगत पुढे होते. समजा नऊ वर्षांच्या मुलीला शनिवारी रात्री तेल लावलं. सोमवारी ती जास्त खाजवू लागली. आईला वाटतं, उवा उरल्या, म्हणून पुन्हा तेल. बुधवारपर्यंत डोकं लालबुंद, आणि आता खाज उवांची की तेलाची हे कोणालाच कळत नाही. ओळखायचं असं: उवांची खाज बहुधा मानेवर आणि कानांमागे, आणि शोधलं तर चालती ऊ सापडते. तेलाची इजा तेल जिथे जिथे गेलं त्या वाटेने दिसते, म्हणजे कपाळावरची केसांची रेषा, कानांच्या पाळ्या, मानेवरचे ओघळ. तिथे खाजेपेक्षा आग जास्त असते. उवा पूर्ण गेल्यावरही खाज आठवडा-दोन आठवडे राहू शकते. तेव्हा नियम एकच: जिवंत ऊ दिसल्याशिवाय काहीही पुन्हा लावायचं नाही. इजा झालीच असेल तर सौम्य शाम्पूने कोमट पाण्यात डोकं धुवा आणि थांबा. त्यावर लिंबू, व्हिनेगर, कडुनिंबाचा लेप असलं काही नको. पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला, मानेत गाठी दुखू लागल्या किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे न्या.

पानांच्या पाण्याचा मुद्दा त्यामानाने निरुपद्रवी, पण निरुपयोगीही. कडुनिंबातलं किडीवर काम करणारं मुख्य द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, पानांत थोडं आणि निंबोळीच्या गरात खूप जास्त असतं. म्हणून आपले शेतकरी ५% निंबोळी अर्क करतात तेव्हा निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालतात, उकळत नाहीत. उष्णतेने ते द्रव्य मोडतं. फवारणीही संध्याकाळी, कारण उन्हातही ते टिकत नाही. त्यातही फवारलेलं पान अळी कुरतडते, ऊ मात्र कातडीखालचं रक्त शोषते. केसांवरून वाहून गेलेलं पाणी तिच्या पोटात जायचं कसं? आणि ऊ पाण्यात तासन्‌तास तग धरते. इजिप्तमध्ये ६० मुलांवर निंबोळी अर्काचा शाम्पू वापरून उवा चांगल्या मेल्याचं २००७ साली छापलं गेलं, हे खरं. पण तो बियांच्या अर्काचा तयार शाम्पू होता, २० ते ३० मि.ली. ओल्या केसांत चोळून नंतर केस विंचरलेही होते. आपल्या पातेल्यातल्या हिरव्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिल्या लिखा, आणि «एका रात्रीत» तिथेच कोसळतं. लीख केसाला चिकटवलेली असते आणि तिच्या कवचातून तेल सहज शिरत नाही. टी ट्री आणि लॅव्हेंडरच्या औषधानेही निम्म्याहून कमी लिखा मेल्याचं प्रयोगशाळेत दिसलं. आज घातलेली लीख ७ ते १० दिवसांत फुटते, आणि बाहेर पडलेलं पिल्लू आणखी साधारण ९ ते १२ दिवसांत स्वतः अंडी घालू लागतं. म्हणजे शनिवारी सगळ्या मोठ्या उवा मेल्या तरी पुढच्या शनिवारच्या आसपास नवी पिल्लं फिरू लागणार. औषध कोणतंही असो, ते पुन्हा लावण्याचं कारण हेच.

बहिणीला सांगायचं राहिलं ते असं. रात्री काही लावू नकोस. उद्या केस धुऊन, ओल्या केसांत भरपूर कंडिशनर चोळ, त्याने ऊ काही वेळ पळू शकत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढ. मग बारीक दातांची धातूची फणी डोक्याला टेकवून मुळापासून टोकापर्यंत ओढ, एकेक पातळ बट घेऊन, आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पूस म्हणजे काय निघालं ते दिसेल. खांद्यापर्यंतच्या केसांना अर्धा तास धर. हे १, ५, ९ आणि १३व्या दिवशी. घरातल्या सगळ्यांची डोकी पहिल्याच दिवशी तपास, नाहीतर पुन्हा तीच भर. फणीला कंटाळलीस तर डायमेथिकोन या सिलिकोन तेलाचं लोशन मिळतं, ते तरी डॉक्टरांना विचारून, पाकिटावर लिहिलंय तसं. मुळापासून सेंटिमीटरभर वर सरकलेल्या पांढऱ्या लिखा जुन्या, बहुतेक रिकाम्या असतात, त्यांच्यामुळे घाबरून पुन्हा औषध ओतू नकोस. आणि १७व्या दिवशी एकदा ओले केस विंचरून बघ, कागदावर काही चालत नसेल तर फणी ठेवून दे.