हिरा, उष्णता आणि मीटरची ‘घरगुती परीक्षा’

“उष्णता वाहून नेण्याचे काम फक्त इलेक्ट्रॉन करतात. म्हणून जो विजेचा सुवाहक, तोच उष्णतेचा सुवाहक. हिऱ्यातून वीज जात नाही, तेव्हा तो तांब्यापेक्षा जास्त उष्णता वाहतो ही थाप आहे. हिरा हाताला गार लागतो, कारण तो थंडी धरून ठेवतो. घरच्या घरी खात्री करा: खड्याला मीटर लावा, वीज गेली तर नकली, नाही गेली तर अस्सल हिरा. सर्वांना पाठवा.”

‘सर्वांना पाठवा’ ही आज्ञा लोकांनी निष्ठेने पाळलेली दिसते, कारण हा मजकूर मला गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला. तिसऱ्या वेळी तो अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीकडून आला. “मामा, मी प्रयोगवहीत चुकीचे लिहिले होते का?” असा प्रश्न तिने सोबत जोडला होता. वहीतले वाक्य बरोबर होते, आणि तिने ते या मजकुरावर विश्वास ठेवून खोडले होते. एरवी मी या मजकुराकडे दुर्लक्ष केले असते, पण खोडलेले ते वाक्य पाहिल्यावर गप्प बसणे जमले नाही.

पहिल्या दोन वाक्यांत अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. धातूंच्या बाबतीत ही गोष्ट खरोखर तशीच आहे. तांब्यात मोकळेपणी फिरणारे इलेक्ट्रॉन विद्युतप्रवाहही नेतात आणि उष्णताही नेतात. धातूची औष्णिक वाहकता आणि विद्युत वाहकता यांचे गुणोत्तर एका तापमानाला जवळजवळ सारखेच असते, हा नियम वीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये मांडला. तांब्याची विद्युत वाहकता घेऊन या नियमाने गणित केले, तर सामान्य तापमानाला औष्णिक वाहकता सुमारे ४२५ वॉट प्रति मीटर-केल्विन येते. प्रत्यक्ष मोजमाप ४०० च्या आसपास आहे. नियम उत्तम चालतो, पण तो धातूंचा नियम आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमकी हीच अट गाळली आहे. हाच नियम ताणून हिऱ्याला लावून पाहू. शुद्ध हिऱ्याची विद्युत रोधकता १० चा बारावा घात ओहम-मीटर इतकी धरली, तर इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येणारी औष्णिक वाहकता म्हणजे दशांशचिन्हानंतर सतरा शून्ये आणि मग सात. चांगल्या हिऱ्यात मोजलेली वाहकता मात्र २,००० ते २,२०० आहे, म्हणजे तांब्याच्या पाचपट. तेव्हा ही उष्णता इलेक्ट्रॉन नेत नाहीत. ती दुसरेच काही नेत असले पाहिजे.

हे दुसरे काही म्हणजे स्फटिकातील अणूंची कंपने. घन पदार्थातील अणू आपापल्या जागी बांधलेले असतात, पण स्थिर नसतात. एक अणू हलला की बंधामार्फत शेजारचा हलतो, त्यामुळे पुढचा हलतो, आणि ही हालचाल संपूर्ण जालकातून लाटेसारखी सरकते. अशा लाटांच्या ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांना फोनॉन म्हणतात. स्फटिकाचे एक टोक तापवले की तिथे फोनॉनांची गर्दी वाढते आणि ते गार टोकाकडे पसरतात. या साऱ्या व्यवहारात अणू आपली जागा सोडत नाही आणि विद्युतभार कुठेही वाहत नाही. म्हणून विजेचा एक कणही पुढे न सरकता उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊ शकते.

हे केवळ पुस्तकी स्पष्टीकरण आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एकच प्रयोग पुरेसा आहे. अँथनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू बी’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. निसर्गातील कार्बनमध्ये शंभरात सुमारे १.१ अणू कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे असतात आणि बाकीचे कार्बन-१२ चे. या संशोधकांनी जड अणूंचे प्रमाण ०.०७ टक्क्यांपर्यंत खाली आणून कृत्रिम हिरा वाढवला, आणि सामान्य तापमानाला त्याची औष्णिक वाहकता नैसर्गिक हिऱ्यापेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त भरली. यात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे नीट पाहावे. समस्थानिक बदलल्याने इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत नाही, रासायनिक बंध बदलत नाहीत, हिरा पूर्वीइतकाच विद्युतरोधक राहतो. बदलते ते फक्त काही अणूंचे वजन, तेही एका न्यूट्रॉनपुरते. वजनाच्या एवढ्याशा फरकाने ज्याच्या वाटेत अडथळा येतो, ते अणूंचे कंपनच असू शकते. इलेक्ट्रॉनांना या फरकाची जवळजवळ दखलही नसते.

यावर एक रास्त प्रश्न उरतो, आणि तो मजकूर लिहिणाऱ्याने विचारला असता तर मला आनंद झाला असता: काचेतही अणू कंप पावतात, मग काच उष्णतेची दुर्वाहक का? कंपनांनी होणारी वाहकता तीन गोष्टींवर ठरते: पदार्थाच्या एकक घनफळात उष्णता साठवण्याची क्षमता, लाटेचा वेग, आणि एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत फोनॉनला सरासरी मिळणारे मोकळे अंतर. या तिन्हींचा गुणाकार करून तिसरा हिस्सा घेतला की वाहकतेचा अंदाज येतो. साठवण क्षमतेत सामान्य तापमानाला काच आणि हिरा जवळपास सारखेच आहेत. वेगात हिरा साधारण तिप्पट पुढे आहे. खरा फरक तिसऱ्या गोष्टीत आहे. काचेची वाहकता १ धरून उलटे गणित केले, तर मोकळे अंतर एक-दोन अणूंच्या अंतराएवढे निघते, कारण काचेत अणूंची शिस्तबद्ध रांगच नसते आणि लाट पहिल्याच पावलाला अडखळते. हिऱ्यात तेच अंतर पाव मायक्रोमीटरच्या आसपास येते, म्हणजे कार्बन-कार्बन बंधाच्या लांबीच्या दीड हजार पटीहूनही जास्त.

हिऱ्यातील वाट इतकी मोकळी असण्याचे कारण त्याच्या बंधांत आहे. कार्बनचा अणू हलका आणि बंध अतिशय ताठ, त्यामुळे लाटा वेगवान असतात आणि त्यांची कमाल वारंवारता फार उंच असते. फोनॉनांची एकमेकांशी होणारी प्रत्येक टक्कर उष्णतेच्या प्रवाहाला रोखत नाही, असे पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये दाखवले. प्रवाहाला खरा अडथळा आणतात त्या ‘उमक्लाप’ नावाच्या टकरी, आणि त्यांना मोठ्या ऊर्जेचे फोनॉन लागतात. हिऱ्यात असे फोनॉन मुबलक व्हायला साधारण दोन हजार केल्विनची धग हवी. सामान्य तापमान ३०० केल्विन आहे, म्हणून असे फोनॉन विरळ असतात आणि बाकीचे निर्वेध पळतात. हिरा तापवत नेला की ही टकराटकर वाढते आणि त्याची वाहकता घटत जाते.

ज्या बंधांमुळे उष्णता इतकी चांगली वाहते, त्याच बंधांमुळे वीज अडते. कार्बनचे चारही बाह्य इलेक्ट्रॉन शेजारच्या चार अणूंशी झालेल्या बंधांत गुंतलेले असतात. त्यांतला एक सोडवून मोकळा करायला सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि सामान्य तापमानाची ऊब देऊ शकते ती ०.०२५ च्या आसपास. दोनशेपटीहून मोठी ही दरी ओलांडणारा इलेक्ट्रॉन जवळपास सापडतच नाही. तेव्हा ‘वीज जात नाही, मग उष्णता कशी जाईल’ या प्रश्नात जो विरोधाभास दिसतो, तो मुळात नाहीच.

थंडी धरून ठेवण्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. थंडी नावाचा साठवण्याजोगा पदार्थ अस्तित्वात नाही. हिरा गार लागतो, कारण तो बोटाची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. एक कॅरटचा सुटा खडा १५ अंशांनी तापायला जेमतेम दीड ज्यूल पुरतात, म्हणून चिमटीत धरल्यावर तो लगेच बोटाइतका उबदार होतो.

आता ती मीटरची परीक्षा. संपूर्ण मजकुरातला हा सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक भाग आहे, कारण बाकीच्या विधानांनी फार तर परीक्षेतले गुण जातील, याने पैसे जातात. वीज गेली नाही तर खडा अस्सल, असे मानले तर साधी काच अस्सल हिरा ठरते, स्फटिक ठरतो, आणि बाजारात हिऱ्याच्या जागी सर्रास खपवला जाणारा क्युबिक झिर्कोनियाही ठरतो. हे सारे पदार्थ विद्युतरोधकच आहेत. म्हणजे ही अशी परीक्षा आहे की तिच्यात जवळजवळ प्रत्येक नकली खडा उत्तीर्ण होतो. हिरा तपासणारे लोक जे छोटे उपकरण वापरतात, त्याचे तापलेले टोक खड्याला टेकवून ते किती लवकर गार होते हे पाहतात. ते उष्णता तपासते, आणि झिर्कोनिया तिथे तत्काळ उघडा पडतो, कारण त्याची वाहकता हिऱ्याच्या हजाराव्या भागाएवढीच आहे. मजकूर ज्या गुणधर्माला थाप म्हणतो, नेमका तोच गुणधर्म इथे कामी येतो.

‘वीज गेली तर नकली’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य कुठून आले असावे, हे मात्र मी समजू शकतो. मॉइसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, उष्णता इतकी चांगली वाहतो की उष्णतेच्या उपकरणाला तो हिराच वाटतो. पण त्याचे बरेचसे खडे थोडी वीज वाहू देतात, म्हणून काही उपकरणांत उष्णतेच्या तपासणीनंतर विजेची तपासणी जोडलेली असते. त्या क्रमातली पहिली पायरी काढून टाकली की दुसरीला काही अर्थ उरत नाही. शिवाय मॉइसनाइटचे सगळेच खडे वीज वाहतात असेही नाही.

आणि वीज वाहणारे अस्सल हिरेही आहेत. ज्या हिऱ्यात थोडा बोरॉन मिसळलेला असतो तो बहुधा निळसर दिसतो आणि अर्धवाहकासारखा वागतो. प्रसिद्ध होप हिरा याच जातीचा आहे, आणि मजकुरातील कसोटीने तो नकली ठरेल. प्रयोगशाळेत बोरॉनचे प्रमाण बरेच वाढवले, तर हिरा वीज अधिकाधिक चांगली वाहू लागतो, पण त्याच वेळी बोरॉनचे परके अणू फोनॉनांच्या वाटेत आडवे येतात आणि त्याची औष्णिक वाहकता खाली येते.