इथं कुणी येणार आहे का?

कँटीनमध्ये अनोळखी टेबलावर बसायचं असेल तर चेहरे नंतर बघावेत, आधी ताटं बघावीत. चेहऱ्यांवरून काही कळत नाही. ऑफिसात जेवताना सगळेच थोडे रुसल्यासारखे दिसतात. ताटावरून मात्र वेळ कळते. मंडळी पहिल्या-दुसऱ्या पोळीवर असतील तर तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत. भात कालवायला घेतला असेल तर पाच. ताकाचा ग्लास तोंडाला लागला असेल तर तिकडे फिरकूच नये. तुम्ही खुर्ची ओढता, "बसू का?" विचारता, आणि ते "बसा ना, आमचं झालंच" म्हणत उठतात. तुम्ही टेकल्या टेकल्या भरलेलं टेबल रिकामं झालं, की उरलेलं कँटीन तुमच्याकडे संशयानं बघू लागतं.

अंधेरीच्या ऑफिसात असताना मला असलं काही शिकावं लागलं नव्हतं. तिथं आमचं टेबल ठरलेलं, खुर्च्या ठरलेल्या आणि भांडणंही ठरलेली. मग माझी बदली हिंजवडीला झाली. माझी अख्खी टीम मुंबईतच राहिली आणि मी एकटा पुण्यात. कामाच्या मीटिंगा स्क्रीनवर होतात, पण जेवण तसं होत नाही. मी करून पाहिलंय. समोरचा माणूस मायक्रोफोन बंद करून चावत असतो आणि आपण त्याच्याकडे बघत चावत असतो. त्यात कुणाचंच पोट भरत नाही.

शेवटी डबा घेऊन खाली उतरलो. एखाद्या मंगल कार्यालयाएवढं ते कँटीन, दुपारचा एक वाजलेला, आणि सगळीकडे चार-चार, सहा-सहांचे घट्ट घोळके. रिकाम्या खुर्च्या होत्या, पण त्या रिकाम्या नव्हत्या. एकीवर रुमाल, दुसरीवर पाण्याची बाटली, तिसरीवर नुसतंच गळ्यातलं ओळखपत्र. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली माणसं बहुमजली इमारतीत आली तरी रुमाल सोडायला तयार नाहीत.

खुर्ची कुठली धरावी यालाही महत्त्व आहे. रॉबर्ट सॉमर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतात एका रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसून कोण कुठं बसतं आणि कोण कुणाशी बोलतं याचं निरीक्षण केलं आणि १९५९ साली ते छापलं. त्यांना दिसलं ते असं, की टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं सगळ्यांत जास्त बोलतात; समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी बसलेली त्यामानानं कमी. कारण करून बघितलं की पटतं. समोर बसलं की दर घासाला नजरानजर होते आणि दर वेळी हसावं लागतं. शेजारी बसलं की बोलायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की रस्सा शर्टावर. कोपऱ्यावर मात्र बोलावंसं वाटलं तर बघावं, नाहीतर आपल्या डब्यात बघावं. ज्यांनी कँटीनमध्ये नुसतं बसून राहण्याचं संशोधन केलं त्यांच्याबद्दल मला असूया आहे, पण माणसाचं म्हणणं बरोबर आहे.

तर मी कोपरा शोधला. सहांचं टेबल, माणसं तीन. पन्नाशीच्या एक मॅडम, पुढ्यात चार पुडांचा डबा. एक मिशीवाले गृहस्थ, उकडलेली अंडी सोलत. आणि कँटीनची थाळी घेतलेला एक किडकिडीत मुलगा. मॅडम दुसऱ्या पोळीवर होत्या. मुहूर्त चांगला होता.

आता पहिलं वाक्य. आपल्याकडे रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून "इथं कुणी बसलंय का?" असं विचारतात. तिथं कुणी बसलेलं नाही हे दोघांनाही दिसत असतं, तरी विचारतात. मला ते जमत नाही; मी "कुणी येणार आहे का?" असं विचारतो. पण कुठल्या भाषेत? हिंजवडीच्या कँटीनमध्ये समोरचा माणूस इंदूरचा, गुंटूरचा किंवा जेजुरीचा, कुठलाही असू शकतो. मी आपला सुरक्षित मार्ग धरला.

"यहाँ कोई आनेवाला है क्या?"

"नहीं नहीं, बैठो ना," मॅडम म्हणाल्या.

बसलो. डबा उघडला. माझा डबा मेसचा, त्यात फ्लॉवर-बटाटा. फ्लॉवर-बटाट्यावर आजवर कुणी कुणाशी बोललेलं नाही. म्हणून समोरच्या डब्याकडे वळलो, आणि इथं एक पथ्य सांगून ठेवतो: प्रश्न असा विचारावा की तोंडात घास असताना मानेनं उत्तर देता यावं. "आपल्या कामाचं स्वरूप काय?" असं विचारलं की समोरच्याला आधी गिळावं लागतं, मग पाणी प्यावं लागतं, आणि तोवर तुम्ही त्याच्या घशाकडे बघत बसता. मी विचारलं, "ये कारेला है क्या?"

मॅडमनी मान डोलावली. घास संपल्यावर म्हणाल्या, "कडू नहीं लगता. मैं उसको मीठ लगाके पिळके लेती हूं. बाद में चिंच-गूळ."

त्या वाक्यात हिंदी फारसं नव्हतंच. मला कळलं. माझ्या "आनेवाला है क्या"वरून त्यांना माझं केव्हाच कळलेलं असणार. मिशीवाल्यांनाही कळलं होतं, कारण ते अंड्याकडे बघून हसत होते. पण एकदा हिंदी सुरू झालं की आधी कुणी थांबवायचं? दोन मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत बोलू लागली की पुढं दोघंही सभ्यतेपोटी तसंच रेटत राहतात. आम्हीही रेटलं. "कितना देर मीठ लगाके रखनेका?" "आधा घंटा तो पाहिजेच." किडकिडीत मुलगा, जो खरोखरच इंदूरचा निघाला, आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याच्या मातृभाषेचं आम्ही काय चालवलंय, हे त्याला समजत नसावं.

सोडवणूक केली ती ठेच्यानं. मिशीवाल्यांनी डबी पुढं सरकवली, "लो ना." मी "नको नको" म्हटलं. ते पहिलं नको. पहिल्या नकोला कुणी नको समजत नाही, ते नुसतं 'आलो' म्हणण्यासारखं असतं. दुसऱ्यांदा "अरे, लो," त्यावर "बस, थोडासा." तिसऱ्यांदा ते विचारत नाहीत, सरळ वाढतात. डाव्या हातानं, स्वच्छ चमच्यानं. उजवा हात खरकटा. मी तो ठेचा पोळीला लावून तोंडात घातला आणि दोन सेकंदांनी ओरडलो, "आई गं!"

"झालं एकदाचं!" मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, आता निवृत्त होईपर्यंत हिंदीच बोलावं लागतंय का काय."

पुढचा भाग सोपा असतो. गाव कुठलं, राहायला कुठं, येता कसे. यातला तिसरा प्रश्न हिंजवडीत वरदान आहे. भूमकर चौकाबद्दल बोलायला कुणालाच ओळख लागत नाही. प्रत्येकाकडे एक आतली वाट असते, ती त्यानं स्वतः शोधलेली असते, आणि बाकीचे मूर्ख असल्यामुळे अजून त्या वाटेनं येत नसतात. इंदूरच्या मुलानंही आपली वाट सांगितली. ती आमच्या तिघांच्या वाटांपेक्षा चांगली होती, म्हणून आम्ही ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. मग त्यानं ओळख म्हणून हात पुढं केला, लक्षात आलं तसा मागं घेतला आणि मनगट पुढं केलं. मी माझं मनगट त्यावर टेकवलं. जेवणाच्या टेबलावर याहून सभ्य हस्तांदोलन नाही.

नावं कुणीच विचारली नाहीत. ओळखपत्रं होती, पण तीही पोटावर उलटी लोंबत होती, आणि परक्या बाईच्या ओळखपत्राकडे निरखून बघणं मला या वयात परवडणारं नाही.

सगळं असं रुळावर आलेलं असताना मिशीवाल्यांनी सहज विचारलं, "मग, कुठल्या डिपार्टमेंटला?"

हा प्रश्न मी टाळतो. याचसाठी मी एवढा वेळ कारल्यावर काढला होता. पण सरळ विचारल्यावर काय करणार? म्हणालो, "इंटर्नल ऑडिट."

अंडं वाटेत थांबलं. मॅडमनी कारल्याच्या पुडावर झाकण ठेवलं. म्हणजे खरोखरच ठेवलं, मी कारल्याची मोजदाद करणार असल्यासारखं. इंदूरच्या मुलाला पाणी आणायची आठवण झाली. "अच्छा," मिशीवाले म्हणाले, आणि थोड्या वेळानं, कुणी न विचारता, "आमचं मार्चमध्येच झालंय हां सगळं. क्लिअर आहे."

अशा वेळी "मी तसला नाही" असं सांगायला जाऊ नये, त्यानं संशय वाढतो. "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?" हे तर मुळीच विचारू नये, ती चौकशी वाटते. गप्प बसलं तर टिपणं काढतोय असं वाटतं. एकच मार्ग उरतो, पुन्हा अन्नाकडे जायचं. मॅडमच्या तळपुडात लालसर चटणी दिसत होती. म्हटलं, "ही शेंगाचटणी घरची का?"

"सोलापूरची," त्या म्हणाल्या. घट्ट आवाजातच म्हणाल्या, पण गावाचं नाव घेतलं की माणूस थांबत नाही. शेंगदाणे खमंग भाजायचे, लसूण आणि तिखट घालून खलबत्त्यात कुटायचे, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये फिरवलं तर नुसता कूट होतो, चटणी नाही. खलबत्ता माहेरचा. तो पुण्याला कसा आणला, एसटीत कुणाच्या पायावर पडला, हे सगळं होईस्तोवर कारल्याचं झाकण पुन्हा निघालं होतं, मुलगा पाणी घेऊन परतला होता, आणि माझ्या पोळीवर चटणीचा मोठा गोळा पडला होता. मी बदल्यात फ्लॉवर-बटाटा पुढं केला. त्यांनी एक फोड घेतली. एवढं औदार्य मी ऑफिसात क्वचित पाहिलंय.

माझं जेवण मागं राहिलं होतं. "सावकाश होऊ द्या," म्हणत तिघंही बसून राहिले. मला बरं वाटलं. मिशीवाले जरा पुढं झुकले.

"साहेब, एक विचारू? सहजच. प्रवासाच्या बिलाला मूळ पावती लागतेच का?"

"लागते."

"आणि ती थोडी... म्हणजे वाचता येते, पण..."

त्यांनी डब्याच्या पिशवीत हात घातला आणि ठेच्याच्या डबीखालून एक टॅक्सीची पावती काढली. रक्कम दिसत होती. तारखेवर तेल होतं. मॅडमही एकदम म्हणाल्या, "माझ्याकडं पण एक आहे, नागपूरची," आणि चटणीचं पूड माझ्याकडं आणखी थोडं सरकवलं.

तारीख न दिसणारी पावती चालत नाही. नियम स्पष्ट आहे, त्याचा मसुदा मीच केलेला आहे. पण माझं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे मी नुसती मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, हे त्यांनी आपापलं ठरवलं.

"उद्या येताय ना?" मॅडमनी विचारलं. "उद्या भरली वांगी आहेत. आणि पावत्या सगळ्याच घेऊन येते."