अँजिओ नॉर्मल आली म्हणजे हार्ट नॉर्मल असतंच असं नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

*"डॉक्टर, धक्क्याने हार्ट फुगतं वगैरे जरा फिल्मीच वाटलं. माझ्या मावशीची अँजिओ नॉर्मल आली, तरी चार दिवस आयसीयूत ठेवलं. टेन्शनला आजाराचं नाव द्यायचं आणि बिल लावायचं. आपोआपच बरं होणार होतं ना?"*

दादा, राग समजू शकतो, बिल बघून मलाही घाम फुटतो. पण मावशींच्या अँजिओने फक्त एवढंच सांगितलं की रक्त नेणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत. स्नायू कसा आकुंचन पावतोय ते इकोत दिसतं, आणि धक्क्याने हार्ट फुगण्याच्या या आजारात, म्हणजे ताकोत्सुबोत, सगळी गोम तिथेच असते.

माझ्याकडची एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. चौसष्ट वर्षांच्या काकू, पहाटे भाऊ गेल्याचा फोन आला आणि अर्ध्या तासात छातीत दाबल्यासारखं, दम, घाम. ईसीजीत एसटी वर गेलेली, म्हणजे अगदी हार्ट अटॅकचंच चित्र. हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन वाढलेलं, पण थोडंसंच. अँजिओत एकही ब्लॉक नाही. आणि इकोत डाव्या कप्प्याचं टोक फुग्यासारखं फुगून गप्प बसलेलं, वरचा भाग मात्र जीव खाऊन आकुंचन पावतोय. पंपिंग तीस टक्क्यांवर. हार्ट अटॅकमध्ये एका नळीच्या हद्दीतला स्नायू बंद पडतो, इथे दोन-तीन नळ्यांची हद्द ओलांडून सगळंच टोक थंड पडलेलं, आणि एवढा स्नायू बंद असताना ट्रोपोनिन एवढंसं, हा हिशोबच जुळत नाही. तिथेच शंका येते. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास याला ताकोत्सुबो नाव दिलं, ते तिकडच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यावरून, तोंड अरुंद आणि बूड गोल, कप्पा अगदी तसाच दिसतो.

आता "फिल्मी" बद्दल. धक्का बसला की शरीर ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन ओततं, हेच ते कॅटेकोलामाइन्स. २००५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या रक्तात ते मोजले तर मोठ्या हार्ट अटॅकच्या पेशंटपेक्षाही दोन-तीन पट जास्त निघाले. एरवी ॲड्रेनालिन हार्टला जोर देतं. पण फारच जास्त झालं तर पेशीवर त्याचा सिग्नल घेणारा एक रिसेप्टर, बीटा-२, उलटा सिग्नल द्यायला लागतो आणि स्नायू ढिला पडतो, जणू जास्त करंट आला म्हणून फ्यूज उडावा तसं. हे रिसेप्टर टोकाकडे जास्त असतात म्हणून टोकच गळतं. उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलंय. माणसात बारीक रक्तवाहिन्या आवळणं वगैरे आणखीही कारणं धरली जातात, पण मुद्दा असा की मनाला काही झालंच नाही तरी हेच होतं! ॲलर्जीत चुकून ॲड्रेनालिनचा जास्त डोस गेलेल्या माणसाचं हार्ट असंच फुगलेलं सापडलंय. मेंदूत रक्तस्राव, दम्याचा मोठा अटॅक, मोठं ऑपरेशन यानंतरही दिसतं. पेशंट बहुतेक पाळी गेलेल्या बायका असतात, दहापैकी नऊ.

बरं, "आपोआप". बरं होतं हे खरं, पण त्याआधीचे काही दिवस नाजूक असतात, शंभरात चारेक पेशंट हॉस्पिटलातच दगावतात. काकूंचंच घ्या, दुसऱ्या दिवशी बीपी ८४ वर आलं. ड्यूटीवरच्या पोराने हार्टला जोर देणाऱ्या डोब्युटामिनची ड्रिप लावायची तयारी केली, त्याचं काही चुकलं नाही, पंप कमजोर असला की तेच शिकवतात. पण छातीवर ठोक्यांबरोबर नवीन फुसफुस आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू येत होता म्हणून परत इको केला, तर वरचा भाग इतक्या जोरात आवळत होता की रक्त बाहेर पडायची वाटच अडलेली, आत-बाहेरच्या दाबात साठचा फरक. डोब्युटामिनने तो भाग अजून आवळला असता आणि बीपी अजून पडलं असतं, वर ज्या रसायनाने आग लावली त्याच जातीचं औषध आपण परत ओततोय! फुप्फुसात पाणी नव्हतं, म्हणून हळूहळू सलाइन आणि ॲड्रेनालिनचा जोर कमी करणारा थोडा बीटा ब्लॉकर दिला, तासाभरात ९८, संध्याकाळपर्यंत ११०. हे घरी कुणाला कळलं असतं?

आणि अँजिओ आधी का करायची, तर नुसत्या ईसीजीवरून हे ताकोत्सुबो की खरा ब्लॉक, हे खात्रीने सांगता येत नाही, आणि ब्लॉक असला तर एकेक मिनिट जातं. शिवाय थंड पडलेल्या टोकात रक्ताची गुठळी होऊ शकते, ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून मॉनिटर. मावशींच्या चार दिवसांचं बिल रास्त होतं की नाही ते मी इथून कसं सांगणार, पण त्या चार दिवसांत काय बघत होते ते डिस्चार्ज पेपरवर "आरडब्ल्यूएमए", म्हणजे स्नायूचा कुठला भाग नीट हलत नाही ते, आणि "ईएफ", म्हणजे पंपिंग किती टक्के ते, शोधलंत तर कळेल.

काकू सहा आठवड्यांनी आल्या, पंपिंग साठ टक्के, टोक मस्त हलतंय. ईसीजीत उलट्या टी वेव्ह अजून होत्या, त्या जायला कधी कधी महिने लागतात. मावशींचा इको परत केलाय का? नसेल तर करून घ्या, आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा.