मांजर माणसालाही जीव लावते

«मांजर घराला धरून असते, माणसाला नाही. घर बदलले की ती जुन्या घरी पळून जाते. पायाला अंग घासते ते फक्त खाण्यासाठी. तुम्ही बाहेरून आलात काय आणि गेलात काय, तिला काही फरक पडत नाही. शास्त्रज्ञांनीही हे सिद्ध केले आहे.»

असे अनेकदा ऐकू येते. यातले जुन्या घरी परतण्याचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. पाळीव मांजरीचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करणारे आहे, आणि अशा प्राण्याला लपायच्या जागा व पळायच्या वाटा ठाऊक असलेली हद्द सोडणे धोक्याचे असते. नाशिकच्या जुन्या गावठाणातील वाडे मोडकळीस आल्याने अनेक कुटुंबे फ्लॅटमध्ये गेली, तेव्हा त्यांच्या मांजरींची हीच हद्द एका दिवसात नाहीशी झाली. रविवार कारंजाजवळच्या वाड्यातून शरणपूर रोडला राहायला गेलेल्या आमच्या परिचयातील एका काकूंची मनी नव्या घरात दिवसभर पलंगाखाली दडून बसे आणि रात्री सामसूम झाल्यावरच खायला बाहेर येई. एकदा खिडकी उघडी राहिली आणि ती निसटून थेट वाड्याच्या जिन्यात जाऊन बसली. शेजारी खाऊ घालायला गेले की ती कौलांवर पळत असे. काकूंची हाक कानावर पडताच मात्र शेपटी उभी करून, शेपटीचे टोक किंचित वाकवून खाली आली आणि त्यांच्या पिंडरीला गाल घासू लागली. ओढ घराचीही होती आणि माणसाचीही. या दोन ओढी एकमेकींच्या आड येत नाहीत. दुसऱ्या खेपेला काकूंनी तिला एकाच खोलीत ठेवले, शी-शूसाठी मातीने भरलेला ट्रे आणि ओळखीचा गंध राहावा म्हणून न धुतलेली जुनी गोधडी जवळ दिली, आणि ती स्वतःहून खोलीभर फिरू लागल्यावरच बाकीचे घर खुले केले. मांजर बाहेर फिरणारी असेल, तर घर बदलल्यावर तिला निदान दोन-तीन आठवडे आतच ठेवावे लागते.

खाण्याचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. गालांवर गंधग्रंथी असतात आणि मांजर गाल घासून ओळखीच्या सोबत्यांवर आपला गंध ठेवते. आपसात जमणाऱ्या मांजरीही एकमेकींना असेच घासतात. भुकेच्या वेळी ती हेच करते, यात शंका नाही. परंतु अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठातील क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांजरींपुढे अन्न, खेळणे, गंध आणि माणसाचा सहवास असे पर्याय ठेवले, तेव्हा सुमारे निम्म्या मांजरींनी अन्नापेक्षा माणसाचा सहवास पसंत केला.

खरी गफलत «फरक पडत नाही» आणि «सिद्ध केले» या दोन विधानांत आहे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासाकडे त्यासाठी बोट दाखवले जाते. त्यात २० मांजरींना अनोळखी खोलीत कधी मालकासोबत, कधी परक्या माणसासोबत, तर कधी एकटे ठेवले होते. सुरक्षिततेसाठी त्या मालकावर विसंबून असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. मात्र त्यावरून त्यांना माणसाविषयी आपुलकीच नसते, असे ठरत नाही. पुढे २०१९ मध्ये व्हिटाले यांनी सोपी रचना केली: दोन मिनिटे मालकासोबत, दोन मिनिटे एकटे आणि पुन्हा दोन मिनिटे मालकासोबत. त्यांनी केवळ जवळीक मोजली नाही, तर मालक परतल्यावर मांजर काय करते हे पाहिले. सुमारे ६४ टक्के पिल्ले मालकाला भेटून पुन्हा निवांतपणे खोली न्याहाळू लागली. उरलेल्यांपैकी बहुतेक एक तर त्याला चिकटून राहिली किंवा त्याला टाळत राहिली. म्हणजे आपण ज्याला बेफिकिरी म्हणतो, ते भेटून आपल्या उद्योगाला लागणे हेच बहुतेकदा सुरक्षित नात्याचे लक्षण ठरते, कारण माणूस जवळ असल्यामुळेच तिचा ताण उतरलेला असतो.

याला मर्यादाही आहेत. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसाचा प्रेमळ स्पर्श मिळत नाही, ते पुढे माणसाला बुजते आणि वर्षानुवर्षे खाऊ घालूनही मांडीवर येईलच असे नाही. अशा मांजरीला उचलून कुरवाळण्याचा हट्ट धरला, तर ती आणखी दूर जाते. तिच्यापासून थोड्या अंतरावर बसावे, डोळे बारीक करून सावकाश मिटावे आणि उघडावे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात मालकांनी असे केल्यावर मांजरीही डोळे बारीक करून अधिक वेळा प्रतिसाद देताना आढळल्या, आणि असे करणाऱ्या परक्या माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडेही त्या अधिक येत होत्या.