तिसरी ओळ मला वाचता आली नाही

काल रात्री मावशीने प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला. खाली मेसेज, "तू फार्मासिस्ट आहेस ना, जरा वाचून सांग." कागद तिरका, वर मोबाईलची सावली, उजवी कड कापलेली. आधी कागद टेबलावर सपाट ठेवून, पूर्ण पान येईल असा दुसरा फोटो काढायला लावला. कड कापली की नेमके गोळ्यांचे दिवस जातात.

पहिली ओळ सोपी. पॅन्टोप्राझोल ४०, ओडी, एसी. म्हणजे दिवसातून एकदा, जेवणाआधी. (हेच 'ओडी' डोळ्यांच्या थेंबांपुढे असेल तर त्याचा अर्थ 'उजवा डोळा' असू शकतो, म्हणून मी अक्षरांआधी औषध बघते.) दुसरी ओळ पॅरासिटामॉल ५००, एसओएस. ते वाचून मावशी दचकली होती. घाबरण्यासारखं काही नाही, दुखलं किंवा ताप आला तरच घ्यायची.

तिसऱ्या ओळीत 'टॅब', मग एच-वाय-डी-आर, मग एक वळवळ, शेवटी झेड-आय-एन-ई. पुढे २५, एचएस, म्हणजे झोपताना.

आता गंमत बघा. हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, हायड्रालाझिन बीपीवर. सुरुवात तीच, शेवट तोच, आणि २५ मिलिग्रॅमची गोळी दोन्हींत मिळते. फरक फक्त मधल्या वळवळीत. मावशीला अंगाला खाज आहे आणि बीपीही आहे.

मी वरच्या ओळींतला डॉक्टरांचा 'ए' आणि 'ओ' शोधून त्या वळवळीशी ताडून पाहिला. दोन्ही सारखेच, अर्धवट उघडे. काही हाती लागलं नाही.

"अगं, खाजेचीच असणार," मावशी म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. हायड्रॉक्सिझिनने झोप येते म्हणून ती रात्री देतात, हायड्रालाझिन सहसा दिवसातून तीन-चार वेळा विभागून. पण हा तर्क झाला, वाचन नव्हे. चुकून बीपीची गोळी पोटात गेली, तर रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडायची. आमच्या धंद्यात अशा वेळी अंदाज सांगणाऱ्याला हुशार म्हणतात, तेच मला पटत नाही.

मी तिला सांगितलं, "पहिल्या दोन घे. तिसरी आज राहू दे, सकाळी क्लिनिकला फोन कर. पण 'हायड्रॉक्सिझिनच ना?' असं विचारू नकोस, घाईत कोणीही 'हो' म्हणून मोकळं होतं. 'तिसरं औषध कोणतं आणि कशासाठी?' एवढंच विचार, आणि स्पेलिंग लिहून घे."

सकाळी उत्तर आलं. हायड्रॉक्सिझिन.

"मी म्हणत नव्हते?" मावशी. आता घरच्या ग्रुपवर मी 'वाचता न येणारी फार्मासिस्ट' आहे.