लग्न लावा नाहीतर पाप म्हणा, तिसरं काही नाहीच का?

आज संध्याकाळी रामबागेत आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी स्वतःची नवी कथा वाचली आणि नंतर जी चर्चा झाली त्याने डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितेय.

कथा एवढीशी. रिटायर झालेले मराठीचे सर, शेजारच्या काकू, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. सहाला व्हरांड्यात चहा. सूनबाई आसपास असतात म्हणून तोंडाने फक्त पाणी कधी येणार आणि खरं बोलणं बशीखालच्या चिठ्ठीत. काकू लिहितात, "आज साखर कमि आहे, गोड बोलुन भागवावे." सर लाल पेनाने कमी, बोलून दुरुस्त करून परत देतात, दहापैकी सात, "गोड बोलणे अभ्यासक्रमाबाहेर." दुसऱ्या दिवशी उत्तर, "अभ्यासक्रम वाढवावा, विद्यार्थीनीची तयारी आहे." हॉलमध्ये आम्ही बायका कसल्या हसलो!

तर एक गृहस्थ उठून म्हणाले, या वयात हे शोभतं का. दुसरे जरा पुरोगामी, ते म्हणाले मग शेवटी लग्न तरी लावायचं, कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं आणि तुम्ही अजून चिठ्ठ्यांवरच. अहो पण त्या दोघांना लग्न नकोय ना! त्यांना उद्याच्या चहाची वाट बघायचीय, बस.

माझी आई. बाबा गेल्यावर समोरचे काका पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवून पाठवायचे, उरलेलं आई भरायची, कधी मुद्दाम चुकीचं भरायची, मग ते खोडून परत पाठवायचे. घरातल्या मोठ्यांनी एक दिवस सांगितलं, लोक बोलतायत. पेपर यायचा बंद. मुलांना काळजी वाटते, प्रॉपर्टीची भानगड होते, मान्य, काही घरांत होतेही. पण आमच्याकडे कोड्यात कसली प्रॉपर्टी होती हो?

कथेतला खरा जीव शेवटाकडे आहे आणि त्यावर कोणी अक्षर बोललं नाही. एक दिवस काकूंची चिठ्ठी येते, "मुलगा येतो आहे. काही दिवस चहा नको." एकही चूक नाही. सर लाल पेन उघडून बसतात आणि त्यांना कळतं की बाईंना शुद्धलेखन पहिल्यापासून येत होतं, चुका त्यांच्यासाठी होत्या. कुठेही प्रेम हा शब्द नाही, रडारड नाही! मधला सुनेचा भाग लांबलाय, तेवढं खरं. पण मग सर उत्तर लिहितात, "मि वाट बघतो," आणि ती ह्रस्व मि तशीच ठेवतात. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस!

आई आज घरी होती, गुडघे दुखतात म्हणून आली नाही. आता तिला पूर्ण कथा वाचून दाखवली. चष्मा काढून म्हणाली, त्या काकूने मुलगा गेल्यावर पुढची चिठ्ठी लिहिली का गं? ताई, वाचत असाल तर सांगा, तिला उत्तर हवंय.