सादळलेले नायलॉन

डोंबिवलीच्या जुलैत कपडे वाळत नाहीत, म्हणून छताखालच्या दोरीच्या कप्पीसाठी नायलॉनचा मजबूत ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर छापावा असे मी ठरवले. ज्या हवेत टॉवेल तीन दिवस ओला राहतो, त्या हवेत नायलॉन मात्र कोरडे राहील, ही समजूत मी कशाच्या बळावर करून घेतली होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

पहिल्या छपाईत, रिळावरची नायलॉनची तार वितळवून थराथराने सोडणाऱ्या नोझलमधून मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागला. "फोडणी जळतेय का रे?" आईने स्वयंपाकघरातून विचारले. जळत काहीच नव्हते. तारेने शोषलेल्या पाण्याची 260 अंशांच्या नोझलमध्ये वाफ होत होती आणि तिच्या बुडबुड्यांमुळे ब्रॅकेटला दाढीचे खुंट फुटले होते. तारेचे ते रीळ मी वजनकाट्यावर ठेवले. ड्रायरमध्ये 70 अंशांवर ठेवण्यापूर्वी ते 742 ग्रॅम भरले, चार तासांनी 731, आठ तासांनी 728 आणि बारा तासांनीही 728. वजन उतरायचे थांबले, म्हणजे तार वाळली. अर्धा किलो तारेने जवळजवळ तीन चमचे पाणी पिऊन ठेवले होते.

वाळलेली तार आता गुणाने वागेल, या आशेवर मी पुन्हा छपाई सुरू केली, तर बारा सेंटिमीटर लांबीच्या तळाचे चारही कोपरे तव्यावरच्या पापडासारखे वर वळले. नायलॉन थंड होताना बरेच आकसते. वरचे थर आकसताना खालच्यांना ओढतात आणि त्या ओढीला कोपरे आधी बळी पडतात. मग ज्या तापत्या पाटावर छपाई होते तो बेड 90 अंशांवर नेला, त्यावर शाळकरी डिंकाच्या कांडीचा पातळ थर दिला, तळाभोवती आठ मिलिमीटरची झालर छापली, पंखा बंद केला आणि प्रिंटरला चहूबाजूंनी बंदिस्त केले. कोपरे बसले.

तरीही पाच तासांच्या छपाईत तिसऱ्या तासाला मोहरी पुन्हा तडतडली! उघड्यावर टांगलेले रीळ छपाई चालू असतानाच सादळत होते. अखेर आईचा पापडांचा हवाबंद डबा मागून घेतला (मागून घेतला हा शब्द जरा उदार आहे), तळाशी सिलिका जेल पसरले, झाकणाला भोक पाडले आणि तेथून टेफ्लॉनच्या नळीने तार थेट प्रिंटरपर्यंत नेली. सिलिका जेल सादळलेले रीळ वाळवत नाही, वाळलेले फक्त राखते. त्यामुळे रीळ आधी ड्रायरमध्ये वाळवूनच डब्यात ठेवावे लागले.

ब्रॅकेट गुळगुळीत निघाला. लगेच ताण देऊ नये, असे वाचले होते, कारण कोरडे नायलॉन जरा ठिसूळ असते आणि हवेतला ओलावा प्यायल्यावरच त्याला चिवटपणा येतो. म्हणून तो आठवडाभर उघड्यावर ठेवला आणि मग छताला बसवला. आता त्याच्यावर ओले टॉवेल लटकतात. पापड मात्र कागदी पिशवीत सादळत आहेत, आणि आई माझ्याशी मोजकेच बोलते.